न्यूझीलंड साउथ आयलंड: गाडीच्या करारातला चार हजार डॉलरचा एक्सेस, कार्डावरचा होल्ड आणि काउंटरवरचा विमा

वाटसरू_सातारा

डिसेंबरमध्ये आईबाबांना घेऊन न्यूझीलंडच्या साउथ आयलंडला जातोय. क्राइस्टचर्च विमानतळावर भाड्याची गाडी घ्यायची, मग टेकापो, माउंट कुक, वानाका, क्वीन्सटाउन, ते-अनाऊ गावाहून मिलफर्ड साउंड आणि परत क्राइस्टचर्चला गाडी सोडायची. बारा दिवसांचं बुकिंग एका तुलना करणाऱ्या साइटवरून झालंय.

काल कंपनीचा करार मेलवर आला. त्यात एक्सेस ४,००० न्यूझीलंड डॉलर आहे, म्हणजे गाडीला काही झालं तर तिथपर्यंतचा खर्च माझा. तेवढीच रक्कम गाडी घेताना क्रेडिट कार्डावर होल्ड करणार. रोज ३२ डॉलर जास्त भरले तर एक्सेस शून्य आणि होल्ड फक्त २०० डॉलरचा. पण बुकिंग करताना साइटवर मी रोज ११ डॉलरचं 'फुल कव्हर' आधीच घेतलंय. कंपनीला विचारलं तर उत्तर आलं, "ते आमचं नाही, आम्हाला लागू नाही."

मग मी ते घेतलं कशासाठी? ३२ वाला परत घ्यायचा का? कार्डाची मर्यादा साडेतीन लाख आहे आणि हॉटेलांचे पैसेही त्यावरूनच जायचेत. जाऊन आलेल्यांनी कृपया सांगा.

निशिगंध

आम्ही मागे गेलो होतो तेव्हा सरळ काउंटरवरचा घेतला. डोक्याला ताप नको. सुट्टीत हिशेब कसले करताय!

बाणेरचा_बंड्या

क्रेडिट कार्डावर भाड्याच्या गाडीचा विमा फुकट असतो. प्रीमियम कार्ड असेल तर काहीच घेऊ नका, दोन्ही नाकारा. माझा भाऊ न्यू जर्सीत असतो, तो कायम असंच करतो.

अनघा_क्राइस्टचर्च

वाटसरू, मी इथे विमानतळाजवळच्या एका भाड्याच्या गाड्यांच्या काउंटरवर काही वर्षं काम केलंय. तुमच्यासारखा प्रश्न घेऊन रोज कोणीतरी उभं असायचं, आणि बहुतेक वेळा लांबच्या विमानातून थकून आलेलं. म्हणून घरी बसून विचारताय हे फार बरं केलंत.

कंपनीने खोटं सांगितलं नाही. तुमचं 'फुल कव्हर' म्हणजे तुमचा आणि त्या विमा कंपनीचा वेगळा व्यवहार. गाडीला पोचा आला तर गाडीवाले आधी तुमच्या कार्डावरून पैसे घेणार. मग तुम्ही कागदपत्रं जोडून विमा कंपनीकडे मागायचे. ३२ डॉलरवाल्यात गाडीवाले तुमच्याकडे मागतच नाहीत. पैसे आधी कोणाच्या खिशातून जाणार, हा या दोन्हींतला मोठा फरक. होल्डही त्यामुळेच कमी-जास्त होतो.

तुमचा हिशेब असा. काउंटरचा बारा दिवसांचा ३८४ डॉलर, साइटवरचा १३२. फरक २५२ डॉलरचा. डॉलर पन्नास रुपये धरला तर साडेबारा हजार रुपये. तेवढे वाचवायचे तर दोन लाखांचा होल्ड सहन करायची तयारी हवी. साडेतीन लाखांतून दोन गेले की दीड लाख उरतात, त्यात हॉटेलं, मिलफर्डची बोट आणि पेट्रोल बसतंय का, ते बघा.

आणखी एक गोष्ट काउंटरवर कोणी आपणहून सांगत नाही. एक्सेस शून्य केला तरी वगळलेल्या गोष्टींची यादी तशीच राहते. गाडीचं छत, खालची बाजू, चुकीचं इंधन भरणं, किल्ली हरवणं, पाण्यात घालणं, बंदी असलेल्या रस्त्यावर नेणं. त्यातलं काही झालं तर 'शून्य' लागू होत नाही आणि चार हजारांवरही थांबत नाही, सगळा खर्च तुमच्यावर येतो. बाहेरच्या पॉलिसींमध्ये छत आणि खालची बाजू पुष्कळदा धरलेली असते. महागडी निवड म्हणजे जास्त संरक्षण असं समजू नका, दोन्हींच्या याद्या शेजारी ठेवून वाचा.

अनघा_क्राइस्टचर्च

बंड्या, तुमच्या भावाचं बरोबर आहे, पण त्याचं कार्ड अमेरिकेतलं आहे. तिथल्या पुष्कळ कार्डांवर असं संरक्षण खरंच असतं. भारतातल्या कार्डांवर ते क्वचितच दिसतं. 'ट्रॅव्हल इन्शुरन्स' लिहिलेलं असलं तरी तो बहुधा सामान आणि विमान अपघाताचा असतो. कार्डाच्या अटींत भाड्याच्या गाडीचा स्पष्ट उल्लेख नसेल तर तो धरू नये.

बाणेरचा_बंड्या

माझ्या कार्डाचं पत्रक आत्ता उघडलं. गाडीचा उल्लेख कुठेच नाही. विमानतळावरच्या लाउंजचा मात्र चार वेळा आहे.

कोकणची_वाट

गोव्यात आम्हाला असाच अनुभव आला. मडगावला गाडी घेतली, पाच हजार डिपॉझिट रोख आणि वर मूळ आधार कार्ड ठेवून घेतलं. परत देताना म्हणाला बंपरवर ओरखडा आहे, तीन हजार कापणार. पावती मागितली तर दिली नाही. वाटसरू, तुम्ही मूळ कागदपत्रं अजिबात देऊ नका!

मिलिंद_देसाई_पणजी

@कोकणची_वाट, ती गाडी पांढऱ्या नंबरप्लेटची होती का? गोव्यात भाड्याने स्वतः चालवायच्या गाडीची पाटी काळी आणि अक्षरं पिवळी असतात. पांढऱ्या पाटीची खाजगी गाडी भाड्याने देणं बेकायदा आहे, तिचा विमाही अशा वापराला लागू होत नाही. त्यामुळेच पावती मिळत नाही.

कोकणची_वाट

पांढरीच होती. स्वस्त मिळाली होती म्हणून घेतली.

वाटसरू_सातारा

अनघाताई, मनापासून आभार. आता कुठे डोक्यात प्रकाश पडला. दोन शंका. होल्ड म्हणजे पैसे कापले जातात की नुसते अडकतात? आणि गाडी मी आणि बायको दोघं चालवणार, पण जास्त मर्यादेचं कार्ड तिच्या नावावर आहे. तिचं दिलं तर चालेल का?

अनघा_क्राइस्टचर्च

दुसऱ्याचं आधी. करारात मुख्य चालक म्हणून ज्याचं नाव, त्याच्याच नावाचं कार्ड लागतं. नवरा मुख्य चालक आणि कार्ड बायकोचं, अशी जोडपी आमच्याकडे नेहमी अडायची. सोपा उपाय म्हणजे बुकिंगमध्येच वहिनींना मुख्य चालक करून घ्या आणि स्वतःचं नाव अतिरिक्त चालक म्हणून लिहून घ्या. दोन्ही नावं करारावर हवीतच. नाव नसलेला माणूस गाडी चालवताना काही झालं तर कोणताच विमा उभा राहत नाही, काउंटरचाही नाही आणि साइटवरचाही नाही.

आता होल्ड. खरा होल्ड असेल तर पैसे कापले जात नाहीत, कार्डाची उपलब्ध मर्यादा तेवढी कमी होते आणि बिलात काही येत नाही. गाडी परत केल्यावर कंपनी तो सोडते, पण बँकेकडे दिसायला वेळ लागतो. काही कंपन्या मात्र होल्ड न करता रक्कम खरोखर घेतात आणि नंतर परत करतात. कॅम्परव्हॅनवाल्यांत हे जास्त दिसतं. करारात शब्द कोणता आहे ते नीट बघा. "ऑथोरायझेशन" असेल तर होल्ड, "चार्ज" किंवा "डेबिट" असेल तर पैसे जाणार.

हिशेबनीस

अनघाताईंच्या मुद्द्याला रुपयांत मांडतो, कारण हे इथे बसून कळत नाही. दोन लाख खरोखर कापले गेले आणि तुमच्या कार्डाचं परकीय चलन शुल्क साडेतीन टक्के असेल, तर सात हजार रुपये शुल्क आणि त्यावर १८ टक्के जीएसटी १,२६०. म्हणजे ८,२६० रुपये गेले. चार हजार डॉलर पूर्ण परत आले तरी हे शुल्क बहुतेक बँका परत देत नाहीत. शिवाय परत येताना त्या दिवसाचा दर लागतो. साडेबारा हजार वाचवायला निघालात आणि आठ हजार इथेच गेले. त्यामुळे 'चार्ज' असेल तर ३२ वाला घेणं जवळपास सारखंच पडतं. 'होल्ड' असेल तर ११ वाला स्वस्त.

फॉरेक्स प्रीपेड कार्ड काउंटरवर होल्डसाठी सहसा घेत नाहीत. डेबिट कार्ड घेतलं तरी खात्यातले खरे पैसे अडकतात. निघण्याआधी बँकेच्या ॲपमध्ये परदेशी व्यवहार चालू करून त्याची मर्यादा वाढवायला विसरू नका. काउंटरवर कार्ड नाकारलं जाण्याचं हे अगदी साधं कारण असतं.

रेणुका_ठाणे

आणि साइटवरच्या पॉलिसीत 'रहिवासी' कोण चालतो ते बघितलंत का? अशा काही पॉलिसी फक्त ब्रिटन किंवा युरोपच्या रहिवाशांसाठी असतात. पैसे घेताना साइट अडवत नाही, दावा करताना विमा कंपनी अडवते. आमच्या ओळखीत एकांचा दावा याच मुद्द्यावर फेटाळला गेला.

वाटसरू_सातारा

बापरे. आत्ता बघतो.

वाटसरू_सातारा

बघितलं. भारतातले रहिवासी चालतात असं स्पष्ट लिहिलंय. काच, टायर, छत आणि खालची बाजू धरलेली आहे. किल्ली हरवण्यालाही थोडी रक्कम आहे, पण चुकीच्या इंधनाला काहीच नाही. गाडीच्या करारात शब्द 'ऑथोरायझेशन' आहे.

केदार_औंध

मग माझा अनुभव वाचा, कारण खरी परीक्षा गाडी परत दिल्यानंतर असते.

गाडी संध्याकाळी परत केली. माणूस आला, फेरी मारली, "ऑल गुड" म्हणाला. आम्ही विमान पकडलं. पुण्यात आल्यावर तीन आठवड्यांनी मेल आला की पुढच्या बंपरवर ओरखडा सापडला, रंगकामाचे ६९० डॉलर आणि वर 'प्रशासकीय शुल्क' ७५ डॉलर कार्डावरून घेतले आहेत. ओटीपी नाही, फोन नाही. परदेशी व्यापाऱ्याकडे कार्डाचे तपशील आधीच असले की तो मागाहून असा व्यवहार टाकू शकतो आणि करारावरच्या सहीने त्याला तशी परवानगी आपणच दिलेली असते.

मी भांडलो नाही, चार गोष्टी मागितल्या. गाडी देतानाचा तपासणीचा कागद, गाडी परत घेतानाचा तपासणीचा कागद, ओरखड्याचा फोटो मूळ फाइल म्हणून, आणि गॅरेजचं बिल. पहिला कागद आला त्यातच पुढच्या बंपरच्या डाव्या कोपऱ्यावर फुली होती आणि खाली माझी सही. म्हणजे ओरखडा मी गाडी घेतली तेव्हाच नोंदलेला होता! फोटोतला ओरखडा त्याच कोपऱ्यातला. गाडी घेताना मी काढलेल्या व्हिडिओतही तो दिसत होता. दोन्ही एकत्र पाठवलं. ६९० परत आले. ७५ डॉलरबद्दल म्हणाले, प्रकरण तपासायला लागलेला वेळ आहे. त्यावर बँकेत तक्रार केली आहे, निकाल आलेला नाही.

निशिगंध

सही करताना त्या फुलीकडे कोण बघतं! बरं झालं ती होती.

अनघा_क्राइस्टचर्च

केदार, तुम्ही जे मागितलं तेच मागायला हवं. आतून सांगते, गाड्या धुतल्यावर ओरखडे दिसतात. गाडी चिखलात आली, घाईत घेतली, दुसऱ्या दिवशी धुतली आणि मग सापडलं, असं खरंच घडतं. कधी नुकसान आधीच्या ग्राहकाचंही असतं. कागद सांभाळलेला ग्राहक समोर असला की आमचे व्यवस्थापक ताणून धरत नसत.

व्हिडिओ काढताना बहुतेक जण दारं आणि बंपर घेतात. वाद मात्र व्हायचे ते चाकांच्या रिमवरून, समोरच्या काचेच्या खालच्या भागातल्या बारीक खड्ड्यांवरून आणि बंपरच्या खालच्या कडेवरून. तिथे वाकून फोन न्या. शेवटी गाडी चालू करून इंधनाचा काटा आणि किलोमीटर एकाच चौकटीत घ्या. परत देताना तोच व्हिडिओ पुन्हा, त्याच क्रमाने. आणि काउंटर बंद असताना किल्ली पेटीत टाकू नका. बहुतेक करारांत कर्मचारी गाडी तपासेपर्यंत ती तुमच्या जबाबदारीवरच असते. मधल्या रात्री पार्किंगमध्ये कोणी धडकलं तरी.

सुहास_काका

अनघाताई, आमचं विमान सकाळी सहाचं असेल तर काय करायचं? काउंटर तेव्हा उघडतच नाही.

अनघा_क्राइस्टचर्च

काका, आदल्या दिवशी संध्याकाळी गाडी द्या आणि विमानतळाजवळ राहा. एक दिवसाचं भाडंही वाचतं.

पेट्रोलपंप_प्रेमी

इंधनावर कोणीच बोललं नाही म्हणून लिहितो. तिथे 'फुल टू फुल' घ्या, म्हणजे भरलेली टाकी घ्यायची आणि भरून द्यायची. काउंटरवर "टाकीचे पैसे आधीच भरा, रिकामी आणून दिली तरी चालेल" असं सुचवतात, पण उरलेल्या इंधनाचे पैसे परत मिळत नाहीत. रिकामी टाकी घेऊन विमानतळ गाठायची हिंमत कोण करतं? विमानतळाजवळच्या पंपावर भरा आणि पावती ठेवा. न भरता दिली तर इंधनाच्या चढ्या दरावर भरण्याचं शुल्कही लावतात.

माणूस नसलेल्या पंपांवर कार्ड घातलं की आधी मोठी रक्कम होल्ड होते आणि नंतर खऱ्या बिलाइतकी खाली येते. ती लगेच सुटत नाही. दोन-तीनदा भरलं की मर्यादा आणखी आक्रसते. शक्य असेल तिथे आत जाऊन काउंटरवर पैसे द्या.

हिशेबनीस

डिझेल गाडी मिळाली तर एक वेगळा खर्च येतो. न्यूझीलंडमध्ये डिझेलवर रस्त्याचा कर पंपावर घेत नाहीत, किलोमीटरवर घेतात. हलक्या गाडीला हजार किलोमीटरला ७६ डॉलर. काही कंपन्या भाड्यात धरतात, काही शेवटी वेगळा लावतात. तुमचा फेरा १,८०० किलोमीटरचा धरला तर साधारण १३७ डॉलर. फुकट मोठी डिझेल गाडी देतो म्हणाले तर आधी हे विचारा.

वाटसरू_सातारा

हे माहीतच नव्हतं. आमची पेट्रोल आहे, पण काउंटरवर गाडी बदलून देतात असं ऐकलंय, तेव्हा विचारेन.

रेणुका_ठाणे

रस्त्यांची बंदी वाचलीत का? क्वीन्सटाउनजवळचा स्किपर्स रोड आणि माउंट कुकचा बॉल हट रोड जवळपास सगळ्या करारांत वगळलेले असतात. स्किपर्सचे फोटो बघून लोकांना मोह होतो. गाडी तिथे गेली की विमा संपला.

रानपाखरू

आणि केआ! मिलफर्डच्या रस्त्यावर होमर बोगद्याच्या तोंडाशी गाड्या थांबतात तिथे हे डोंगरी पोपट छतावर बसतात. वायपरचं रबर आणि खिडकीभोवतीच्या पट्ट्या चोचीने ओढून काढतात. पक्षी फार देखणा आणि हुशार आहे, बघायलाच हवा, पण गाडी सोडून लांब जाऊ नका. त्यांना खायलाही घालू नका, त्याने ते गाड्यांपाशी आणखी येतात. त्यांनी रबर तोडलं तर ते एक्सेसमध्ये येतं का, हे मला कोणी सांगेल?

बाणेरचा_बंड्या

प्राण्याने केलेलं नुकसान म्हणजे अपघातच. विमा द्यायलाच हवा.

अनघा_क्राइस्टचर्च

आमच्या कंपनीत ते 'निष्काळजीपणा' म्हणून वगळत नसत, एक्सेसमध्ये धरत. शेजारच्या काउंटरवर वेगळं ऐकलंय, तिथे रबर हा झिजणारा भाग म्हणून ग्राहकाकडून घेत. करारात प्राण्यांचा उल्लेख नसेल तर आधी मेलवर विचारून लेखी उत्तर घ्या.

केदार_औंध

बंड्या, 'द्यायलाच हवा' हे कोण ठरवणार? कंपनी आधी कार्डावरून घेते, वाद नंतर. म्हणून माझ्या मते ३२ वालाच बरा. ७५ डॉलरसाठी मी इतक्या मेल केल्यात की वाचलेल्या पैशाचा आनंद उरला नाही.

मीरा_वेलिंग्टन

केदार, मला तसं वाटत नाही. आमच्या समोरच्या काचेला टेकापोच्या पुढे दगड लागला, तडा गेला. कंपनीने कार्डावरून काचेचे पैसे घेतले, आम्ही बाहेरच्या पॉलिसीत दावा केला. करार, नुकसानीचा अहवाल, अंतिम बिल आणि कार्डाचं स्टेटमेंट, एवढंच मागितलं आणि पूर्ण रक्कम आली. वेळ लागला, पण आली. दुसऱ्या गाडीशी धडक असती तर त्या चालकाचं नाव, पत्ता, गाडीचा नंबरही लागला असता. तो रस्त्यावरच लिहून घ्यावा, नंतर कोणी सापडत नाही.

आणि हे लोक नेहमी विचारतात म्हणून सांगते, अपघातात माणसांना झालेल्या दुखापतीचे उपचार इथे एसीसी या सरकारी अपघात योजनेकडून होतात, पाहुण्यांचेही. आजारपण त्यात येत नाही. त्यामुळे आईबाबांचा प्रवास विमा वेगळा घ्याच.

वाद अगदीच अडला तर इथे डिस्प्यूट्स ट्रायब्युनल आहे. तिथे वकील चालत नाहीत, दोन्ही बाजू स्वतः बोलतात. परदेशातून फोनवर हजर राहण्याची परवानगी मागता येते. कंपनीला नुसतं "तिथे अर्ज करते" म्हटलं तरी उत्तरांचा वेग बदलतो.

केदार_औंध

हे मला आधी कळायला हवं होतं. आज रात्री त्यांना हे लिहितो.

सुहास_काका

एक्सेस सगळ्या प्रवासाला मिळून एकदाच ना?

अनघा_क्राइस्टचर्च

नाही काका, प्रत्येक घटनेला वेगळा. सकाळी काच आणि दुपारी पार्किंगमध्ये दार, तर दोन घटना. बाहेरच्या पॉलिसीतही प्रत्येक दाव्याची आणि एकूण रकमेची मर्यादा पाहून घ्या.

वाटसरू_सातारा

ठरवलं. बुकिंगमध्ये बायकोला मुख्य चालक केलं, तिच्या कार्डाची मर्यादा सहा लाख आहे. होल्ड तिच्या कार्डावर, हॉटेलं माझ्या कार्डावर. साइटवरची ११ वालीच पॉलिसी ठेवतोय, चालक बदलला म्हणून तिच्यातही नाव बदलून घेतलं. केआबद्दल कंपनीला मेल केलाय. उत्तर आलं, "ते परिस्थितीवर अवलंबून आहे."

रानपाखरू

कोणत्या परिस्थितीवर, तेही विचारा की! मीही माझ्या कंपनीला आज विचारते, दोघांची उत्तरं इथे टाकू.